भाजीमंडईचा वास लिहिताना

मंडईचं वर्णन लिहिताना रंग आणि आवाज बहुतेकांना जमतात. टोमॅटोचे ढीग, वांग्यांची चकाकी, 'वीसला दोन, वीसला दोन'चा पुकारा हे सगळं कागदावर येतं. वासापाशी आलं की मात्र लेखणी 'ताज्या भाज्यांचा सुगंध दरवळत होता' या वाक्यावर जाऊन बसते. हे वाक्य बऱ्याचदा खोटं असतं. भेंडी, दुधी, वांगी, बटाटा, अख्खा कोबी यांना हातभर अंतरावरून जवळजवळ वासच येत नाही. ज्या भाज्यांना वास असतो, त्यांच्या वासाला 'सुगंध' म्हणणं मराठी कानाला खटकतं. शेपूला सुगंध असतो असं कोणी म्हणत नाही, अगदी शेपू आवडणारेही नाही.

म्हणून या लेखात आधी वास टिपायचा कसा, मग त्याला शब्द कोणता द्यायचा, आणि शेवटी एक कच्चा परिच्छेद दुरुस्त कसा करायचा, असा क्रम ठेवला आहे. उदाहरणासाठी जागा घेतली आहे पुण्याची महात्मा फुले मंडई. 1886 साली उभी राहिलेली दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, आत ओळीने गाळे, बाहेर उघड्यावर पाट्या मांडून बसलेले विक्रेते, आणि एका अंगाला तुळशीबाग. घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्यापासून इथे मुख्यतः किरकोळ खरेदी चालते. वर्णन करणाऱ्याला हे सोयीचं आहे, कारण किरकोळ बाजारात माल हाताळला, निवडला, मोडून पाहिला जातो, आणि भाजीचा वास सुटतो तो याच कृतींमुळे.

टिपण करताना विशेषणं लिहू नका

वही घेऊन मंडईत गेलात तर प्रत्येक वासासाठी चार गोष्टी लिहा: कशाचा, कोणत्या अवस्थेतला, किती अंतरावरून आला आणि कशामुळे सुटला. 'छान', 'उग्र', 'घाण' असले शब्द तिथे उभं राहून लिहू नयेत. घरी आल्यावर आपण ते विशेषणच जपून ठेवतो आणि मूळ वस्तू विसरतो. टिपण असं कोरडं हवं: 'कोथिंबीर, ओली, जुडी झटकली तेव्हा, हातभरावरून.' किंवा 'कोबीची बाहेरची पानं, पायाखाली, सकाळपासूनची, गाळ्याच्या कोपऱ्यात, वाकल्यावरच आला.'

हे काम वेगाने करावं लागतं. नाक एकाच वासाला काही मिनिटांतच सरावतं आणि त्याची दखल घेणं थांबवतं. मंडईत अर्धा तास फिरून मग वही उघडली तर हाती फक्त ठळक वास उरतात, आणि तेही स्मरणातून. त्यामुळे शिरल्या शिरल्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत जे येईल ते लिहावं, मग बाहेर मोकळ्या हवेत थोडं थांबावं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा आत जावं. दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा वेगळे वास मिळतात, कारण त्या बाजूला माल वेगळा असतो.

चौथा मुद्दा, म्हणजे वास कशामुळे सुटला, हा सगळ्यांत कामाचा. अख्खा कांदा आणि अख्खा लसूण आपल्या ओळखीचा वास देत नाहीत. कांदा चिरल्यावर किंवा लसणाची पाकळी ठेचल्यावर आतल्या पेशी फुटतात, त्यातली द्रव्यं एकमेकांत मिसळतात आणि तेव्हा तो वास तयार होतो. आल्याचंही तसंच: नख लावलं किंवा तुकडा मोडला की वास येतो. मटारची शेंग सोलली की गोडसर वास येतो, बंद शेंगेला तो फारसा नसतो. गवती चहाची पात दुमडली की लिंबासारखा वास येतो. काकडीचं टोक कापलं की येतो. याउलट पिकलेला पेरू, पिकलेली केळी, फणस, आढीतून काढलेला हापूस यांना कोणी हात लावावा लागत नाही, त्यांचा वास आपणहून बाहेर येतो. शेपू आणि पुदिना या दोन गटांच्या मधोमध आहेत: नुसते ठेवले तरी थोडा वास असतोच, जुडी हलवली की तो कितीतरी वाढतो.

यातून लिहिण्याचा एक साधा नियम निघतो. वास लिहायचा असेल तर आधी हात लिहावा. 'आल्याचा वास आला' याऐवजी 'तिने आल्याचं बोट मोडून पाहिलं' असं लिहिलं की वास अर्धा तिथेच आला. पुढे एखादाच शब्द पुरतो, कधी तोही लागत नाही.

मिरचीबद्दल वेगळं सांगायला हवं. वाळल्या मिरचीच्या पोत्यापाशी जो ठसका लागतो तो वास नव्हेच. तो नाकातोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला होणारा दाह आहे. म्हणून 'मिरचीचा तिखट सुगंध' लिहिलं की वाचकाचा विश्वास उडतो. तिथे ठसका, शिंक, डोळ्यांतलं पाणी, नाकाला झोंबणं हे शब्द लावावेत.

शब्दांचे स्वभाव

टिपण हातात आलं की शब्द निवडायचे. सुगंध, सुवास, परिमळ, दरवळ, घमघमाट, गंध, वास, दर्प, भपकारा, घाण, दुर्गंध, दुर्गंधी यांना कोशात एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेलं असतं. वापरात ते पर्याय नाहीत. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत: तो आवडीचा आहे की नावडीचा, किती जोराचा आहे, आणि तो हवेत कसा हलतो.

'वास' हा मंडईतला रोजचा, बिनइस्त्रीचा शब्द. तो मुळात तटस्थ आहे, पण एकटा उभा राहिला की नावडीकडे झुकतो. 'कसला तरी वास येतोय' म्हटलं की ऐकणारा नाक मुरडूनच शोधायला लागतो. त्याच्या आधी वस्तूचं नाव आलं की तो पुन्हा सरळ होतो: 'कोथिंबिरीचा वास', 'ओल्या मातीचा वास'. मंडईच्या वर्णनात दहापैकी सात-आठ ठिकाणी 'वास'च बरोबर असतो. पुनरुक्ती टाळायची म्हणून त्याच्या जागी 'सुवास', 'गंध', 'परिमळ' आळीपाळीने टाकणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक आहे. शब्द पुन्हा आला म्हणून वाचक वैतागत नाही, तो वैतागतो खोट्या शब्दाने.

'गंध' थोडा लेखी आहे, आणि हलका. ओळखू येईल न येईल इतपत वासाला तो शोभतो: 'पाटीतल्या बटाट्यांना अजून शेताच्या मातीचा गंध होता.' संवादात तो नको. कोणतीही भाजीवाली गिऱ्हाईकाला 'गंध घेऊन बघा' म्हणणार नाही. ती 'वास घेऊन बघा' म्हणेल, किंवा नुसतंच पेरू पुढे करून 'हुंगा की' म्हणेल.

'सुगंध' आणि 'सुवास' हे फुलं, उदबत्ती, अत्तर, चंदन यांचे शब्द. मंडईत त्यांना जागा आहे ती हारवाल्याच्या टोपलीपाशी किंवा गाळ्यातल्या देवाच्या फोटोपुढे लावलेल्या उदबत्तीपाशी. भाजीपाशी नाही. फळांना ते चालतात, विशेषतः हापूसला, पण तिथे 'घमघमाट' अधिक जिवंत आहे, कारण तो जोरही सांगतो. 'परिमळ' हा संतकाव्यातून आलेला शब्द. भाववृत्तीच्या लेखनात तो शोभेल. तराजू, सुट्टे पैसे आणि धक्काबुक्कीच्या परिच्छेदात तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

'दरवळ' हलणारा शब्द आहे. दरवळायला मोकळी जागा आणि संथ हवा लागते. अंगणातली रातराणी दरवळते. खांद्याला खांदा लागलेल्या बोळात काही दरवळत नाही, तिथे वास अडतो, कोंडतो, अंगावर येतो. शिवाय दरवळ फक्त चांगल्याचाच. 'कुजक्या कोबीचा दरवळ' हे विनोद म्हणून चालेल, वर्णन म्हणून नाही.

'दर्प' जोराचा, साधारण नावडीचा, आणि बहुधा अंगाचा किंवा द्रव्याचा: घामाचा, दारूचा, स्वस्त अत्तराचा, फिनेलचा. 'उग्र' हा मात्र न्यायी शब्द आहे. तो जोर सांगतो, आवड सांगत नाही. शेपू, लसूण, हिंग यांना 'उग्र' म्हणावं आणि ते चांगलं की वाईट हे पात्रावर सोडावं. पावसाळ्यात रानभाज्यांसोबत येणाऱ्या टाकळ्यालाही हाच शब्द लागतो, कारण त्याच्या कच्च्या पाल्याचा वास अनेकांना नकोसा होतो आणि भाजी मात्र चवीने खाल्ली जाते.

'खमंग' भाजलेल्या, तळलेल्या, परतलेल्या पदार्थाचा. मंडईच्या दारातल्या वड्याच्या कढईला तो लागू आहे, कच्च्या मेथीला नाही.

आता नावडीची बाजू. 'घाण' हा बोलीतला शब्द वस्तू आणि वास दोन्ही एकदम सांगतो: 'घाण येतेय', 'काय घाण सुटलीय'. संवादात तो उत्तम. 'दुर्गंधी'ला मात्र वर्तमानपत्राचा आणि तक्रार अर्जाचा सूर आहे. 'परिसरात दुर्गंधी पसरली असून नागरिक त्रस्त झाले आहेत' हे वाक्य वाचकाने इतक्यांदा वाचलंय की 'दुर्गंधी' दिसताच त्याचं नाक बंद होतं आणि बातमी सुरू होते. ललित लेखनात 'दुर्गंधी' टाळून वासाचा प्रकार सांगावा. प्रकार सांगणारे शब्द मराठीत भरपूर आहेत: कुबट, आंबूस, कुजका, सडका, उबट, खवट, करपट, मातकट, हिरवट. यांतला प्रत्येक कारण सांगतो. कुबट म्हणजे दमट आणि बंद जागेतला, ओल्या गोणपाटाचा किंवा न वाळलेल्या छत्रीचा. खवट म्हणजे जुन्या तेला-खोबऱ्याचा. आंबूस म्हणजे फुटलेल्या टोमॅटोचा. 'खवट टोमॅटो' लिहिणाऱ्याने टोमॅटोही हुंगला नाही आणि खोबरंही नाही.

विशेषणाआधी क्रियापद

वासाचं बरंचसं काम क्रियापद करतं. वास येतो, सुटतो, मारतो, लागतो, बसतो, राहतो, जातो, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. 'सुटतो' म्हणजे नुकताच सुरू झाला आणि पसरतोय. 'मारतो' म्हणजे वाईट आणि नको तितका: 'ही जुडी वास मारतेय' असं म्हटलं की पुढे विशेषण लागत नाही. 'लागतो' म्हणजे एकाचा दुसऱ्याला चिकटतो: पिशवीत तळाशी ठेवलेल्या शेपूचा वास वरच्या पोळीच्या डब्यालाही लागतो. 'राहतो' आणि 'जात नाही' वेळ दाखवतात: लसूण निवडणाऱ्या बाईच्या बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही.

नाकाच्या बाजूनेही क्रियापदं आहेत. नाकात शिरणं, नाकाला झोंबणं, नाकात बसणं. आणि माणसाच्या बाजूने: नाक मुरडणं, नाकाला पदर लावणं, श्वास धरणं, हुंगणं. 'भपकारा' हे नाम असलं तरी त्यात क्रिया भरलेली आहे. भपकारा अचानक येतो, अंगावर येतो, आणि जातो. झाकण उघडणं, ताडपत्री उचलणं, पोतं पालथं करणं अशा कृतीनंतरच तो लिहावा. 'सगळीकडे भपकारा पसरला होता' हे चुकीचं आहे, कारण पसरून राहिला तो भपकारा उरत नाही.

गर्दी वासाचं काय करते

गर्दीचं वर्णन आणि वासाचं वर्णन वेगवेगळ्या वाक्यांत येतं म्हणून मंडईचे परिच्छेद तुटक वाटतात. प्रत्यक्षात गर्दीच वास घडवते, आणि ते तीन तऱ्हांनी.

एक, गर्दी पायाखाली तुडवते. मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं, मेथीचे दांडे, फुलकोबीचे देठ जमिनीवर पडतात आणि शेकडो चपला त्यावरून जातात. पान चुरडलं की हिरवट, कापलेल्या गवतासारखा वास सुटतो. सकाळी हा वास ताजा असतो. संध्याकाळपर्यंत त्याच जागी चिखलासारखा लगदा होतो आणि वास आंबूस होत जातो. म्हणजे एकाच फरशीचे सकाळचे आणि रात्रीचे शब्द निराळे.

दोन, गर्दी वारा अडवते. मोकळ्या जागेत वास सतत आणि सौम्य येतो, गर्दीत तो तुकड्यातुकड्यांनी येतो. पुढचा माणूस बाजूला झाला की पेरूच्या पाटीचा वास एकदम येतो, दुसरा मध्ये आला की तुटतो. म्हणून गर्दीत 'दरवळ' नको, वास येणं आणि तुटणं हवं. वाक्यंही त्याप्रमाणे आखूड ठेवता येतात.

तीन, गर्दी स्वतःचा वास आणते. घाम, डोक्याचं तेल, गजरा, तंबाखू, ओले रेनकोट. इथे लेखकाने सावध राहावं. 'हमालांच्या घामाचा दर्प' लिहिताना नाक कोणाचं आहे हे स्पष्ट नसेल, तर ती लेखकाचीच तुच्छता ठरते. घाम खरेदीला आलेल्यांनाही येतो. पात्राला शिसारी येते असं दाखवायचं असेल तर ती पात्राच्या कृतीत दाखवावी आणि निवेदनात 'दर्प'ऐवजी 'घामाचा वास' एवढंच ठेवावं.

उंचीचाही विचार करावा. कुजक्याचे बरेच वास खाली असतात, गाळ्याच्या पायथ्याशी, पाट्यांच्या मागे. उभ्या माणसापर्यंत ते पातळ होऊन पोचतात. पडलेलं नाणं उचलायला वाकणाऱ्याला, कडेवरून खाली उतरवलेल्या मुलाला किंवा जमिनीवर बसून विकणाऱ्या बाईला ते पुरते मिळतात. वास बदलायचा असेल तर पात्राला वाकवावं.

ताज्यापासून सडक्यापर्यंत

पालेभाजीचा प्रवास मराठीत पायरीपायरीने सांगता येतो आणि विक्रेते तो तसाच सांगतात. जुडी आधी ताजी, मग मलूल, मग उबलेली, मग कुजलेली. यातला 'उबलेली' हा शब्द शहरी लेखनातून जवळजवळ गेला आहे. गच्च बांधलेली किंवा ओली असताना पोत्यात दाबलेली भाजी आतून गरम होते, पानं पिवळी-काळी पडतात आणि कोंदलेला, गोडसर-घाण वास येतो. त्यालाच उबट वास म्हणतात. बाहेरून जुडी हिरवी दिसते, मध्ये बोट घातलं की कळतं. पात्राला भाजीची जाण आहे हे दाखवायला यापेक्षा चांगला तपशील मिळणार नाही.

इतर मालाचे शेवट वेगळे असतात आणि ते मिसळू नयेत. टोमॅटो फुटून आंबतो. केळं गोडूस होत होत दारूसारखं होतं. कोबी-फुलकोबीची कुजलेली पानं गंधकाच्या अंगाने जातात, अंडं खराब झाल्याची आठवण करून देतात. बटाटा सडला की एकच पुरेसा होतो: पोत्यात कुठे आहे ते दिसत नाही, पण त्याच्या वासाने अख्खं पोतं पालथं करावं लागतं. 'कुजका' आणि 'सडका' यांतही फरक ठेवावा. पाला कुजतो. गर असलेली वस्तू सडते, पाणी सोडते. 'पाला सडला' चालून जाईल, पण 'बटाटा कुजला'पेक्षा 'बटाटा सडला' यातच तो वास आहे.

एक परिच्छेद दुरुस्त करू

असा मजकूर नेहमी वाचायला मिळतो:

'मंडईत पाऊल टाकताच ताज्या भाज्यांचा मोहक सुगंध दरवळला. कोथिंबीर, मेथी, कांदा, लसूण, आले यांच्या सुवासाने वातावरण भारून गेले होते. फुलांचा मंद परिमळही मन प्रसन्न करत होता. पलीकडे मात्र कचऱ्याची असह्य दुर्गंधी पसरली होती. गर्दीमुळे जीव गुदमरत होता.'

पाच वाक्यांत वासाची चार नामं आहेत आणि एकही वास येत नाही. कारणं आता नेमकी सांगता येतात. नाक कोणाचं ते माहीत नाही. वेळ नाही, ऋतू नाही. अख्ख्या कांद्या-लसणाला सुवास चिकटवला आहे. पाच भाज्या एका श्वासात येतात, माणसाला मात्र वास एकामागून एक येतात. मोहक, मंद, असह्य ही विशेषणं लेखकाचं मत सांगतात, वस्तू सांगत नाहीत. आणि गर्दी शेवटी वेगळी येऊन उभी राहते.

दुरुस्ती शब्दांपासून सुरू करू नये. आधी नाक ठरवावं. समजा सुलभा, पन्नाशीची, सासूबाईंना शेपू हवा म्हणून आलेली, स्वतःला शेपू न आवडणारी. वेळ जुलैतली संध्याकाळ, पाऊस नुकता थांबलेला. वाट: मंडईच्या भुयारी मेट्रो स्थानकातून सरकत्या जिन्याने वर. 2024 पासून ही वाट उपलब्ध आहे आणि वासासाठी ती फार उपयोगी, कारण खाली गार, जवळपास बिनवासाची हवा असते आणि वर आल्यावर नाक कोरं असतं.

मग थांबे ठरवावेत. तीन पुरेत: जिन्याचं तोंड, गर्दीची वाट, बाहेरच्या पालेभाजीवाल्या. प्रत्येक थांब्याला एक मुख्य वास आणि फार तर एक दुय्यम. जिन्याशी ओली गोणपाटं. वाटेत तुडवलेला पाला आणि मधेच पेरू. पालेभाजीपाशी झटकलेली जुडी. फुलं गाळली, कारण सुलभाच्या वाटेत ती येत नाहीत. गाळण्याचं धैर्य इथे लागतं. टिपणात बारा वास असले तरी दीडशे शब्दांच्या परिच्छेदाला चार-पाचच झेपतात, त्याहून अधिक झाले की ती यादी होते.

आता लिहू:

'जिना संपला आणि ओल्या गोणपाटाचा कुबट वास सुलभाच्या नाकात शिरला. पावसाने उघडीप दिली होती, पाट्यांवरच्या ताडपत्र्या अजून गळत होत्या. तिने साडीचा काठ उचलून धरला. पायाखाली मुळ्याचा पाला होता, चुरडलेला, आणि पावलागणिक त्याचा हिरवट वास वर येत होता. कोणीतरी पाठीला पिशवी घासून पुढे गेलं. मधेच पेरूचा वास आला, पुढे दोन छत्र्या आडव्या आल्या तसा तुटला. "शेपू बघा ताई, आत्ताचाय," म्हणत बाईने जुडी पाण्यातून काढून झटकली. सुलभाने तोंड थोडं फिरवलं. चार थेंब हातावर उडाले, आणि तेवढ्याने हाताला शेपूचा वास लागला तो लागलाच. तिने जुडीत मधोमध बोट घातलं. कोमट नव्हती. "दोन द्या," ती म्हणाली, आणि श्वास धरूनच पिशवी उघडली.'

इथे सुगंध नाही, दुर्गंधी नाही, मोहक नाही. 'कुबट' आणि 'हिरवट' ही दोनच वासाची विशेषणं आहेत आणि दोन्ही वस्तूला चिकटलेली आहेत. शेपूला एकही विशेषण नाही. सुलभाने तोंड फिरवलं, श्वास धरला, यातून तो उग्र आहे आणि तिला नको आहे हे कळतं. 'उग्र' लिहिलं असतं तर परिच्छेद सैल झाला असता. 'वास' हा शब्द चार वेळा आला आहे. मोठ्याने वाचून पाहिलं तर तो टोचत नाही, कारण प्रत्येक वेळी त्याच्या शेजारचं क्रियापद वेगळं आहे: शिरला, वर येत होता, तुटला, लागला. जुडीत बोट घालण्याचा तपशील उबलेल्या भाजीची जाण दाखवतो, पण 'उबट' हा शब्द न वापरता, कारण जुडी उबलेली नाही.

हाच प्रसंग भाजीवालीच्या नाकाने लिहायचा झाला तर जवळजवळ सगळं बदलावं लागेल. ती पहाटेपासून तिथे बसलेली आहे. गोणपाट, पाला, शेपू यांचे वास तिच्या नाकाने कधीच सोडून दिले आहेत. तिला येईल तो बदल:

'दुपारपासून तिला काही जाणवत नव्हतं. उजव्या हाताच्या ढिगातून मात्र आता एक उबट वास यायला लागला होता. तिने वरच्या चार मेथ्या बाजूला केल्या, खालची उचलून नाकाशी नेली आणि न बोलता मागच्या टोपलीत टाकली. पलीकडे वड्याची कढई तापली होती. म्हणजे सहा वाजून गेले.'

या नाकाला वास हे काम आहे आणि घड्याळ आहे. आवड-नावड नाहीच, म्हणून 'सुगंध' किंवा 'घाण' यांतला एकही शब्द तिथे बसत नाही. सुलभाच्या परिच्छेदातला 'हिरवट' इथे टाकला तर तो लेखकाचा होईल, बाईचा नाही. लांब कथेत दोघींची नाकं आलटून पालटून येणार असतील, तर प्रत्येकीच्या शब्दांची वेगळी यादी वहीत करून ठेवावी आणि एकीचा शब्द दुसरीकडे गेला की खोडावा.

हात फिरवताना

पहिला खर्डा झाल्यावर वासाचं प्रत्येक नाम आणि विशेषण पेन्सिलीने झाकून वाक्य वाचावं. उरलेल्या वाक्यातून वास येत असेल तर झाकलेला शब्द काढून टाकावा. काहीच येत नसेल तर शब्द बदलण्याऐवजी वस्तू किंवा कृती घालावी.

उपमांना आवर घालावा. 'अत्तराच्या कुपीसारखा', 'स्वर्गीय', 'मन प्रसन्न करणारा' हे सरळ खोडावे. वासाची उपमा द्यायचीच असेल तर ती दुसऱ्या ओळखीच्या वासाची द्यावी, जशी गवती चहाला लिंबाची. दुसऱ्या इंद्रियाकडून घेतलेली विशेषणं मात्र मराठीत सहज रुळतात: काकडीचा गार वास, पाल्याचा ओला वास, कैरीच्या चिकाचा कडक वास. ती जपून वापरली तर 'सुगंध' न म्हणताही आवड दिसते.

प्रमाण आणि बोली यांची सरमिसळ हा शेवटचा, पण हमखास राहणारा दोष. निवेदन 'होते, गेले, आले' अशा लेखी रूपांत असेल तर 'गंध', 'सुवास' थोडे अधिक खपतात. निवेदन 'होतं, गेलं, आलं' असं बोलीत असेल तर 'परिमळ' आणि 'दुर्गंध' ठिगळासारखे दिसतात, तिथे 'वास' आणि 'घाण' हवेत. संवादात तर फक्त बोलीच. विक्रेतीच्या तोंडी 'या पेरूचा सुगंध पाहा' आलं की ती मंडईतून उठून जाहिरातीत जाते. ती 'वासावरनं घ्या' म्हणेल, आणि पेरू उचलून देठाची बाजू गिऱ्हाईकाच्या नाकाशी धरेल.